चौथ्या संध्याकाळी आज्जीनं मोबाईल दिला

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं घर, सात वर्षांचा मुलगा. डॉक्टरांनी चिठ्ठीत ‘हट्टी, उलट बोलतो’ लिहून आईला ‘जरा कडक व्हा’ सांगितलेलं. पण कडक तर सगळेच होते! वडिलांनी महिनाभर सायकल बंद केली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच काढून दिली. असल्या सल्ल्याचा मला राग येतो.

अशा मुलांच्या पालकांबरोबर मी समुपदेशनाची सत्रं घेते, त्यातल्या पहिल्या सत्रांत मी शिक्षेचं नावही काढत नाही. आधी रोज दहा मिनिटं मुलाच्या मर्जीनं खेळायचं आणि ऐकल्याबरोबर नेमकं कौतुक करायचं: ‘हाक मारल्यावर लगेच आलास, छान.’ मग सूचना. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, ‘ठेवतोस की नाही?’ आम्ही सराव केला. जवळ जा, नजर मिळव, ‘मोबाईल टेबलावर ठेव’ एवढंच म्हण, मनात पाच मोज.

नंतर तक्ता. दवाखान्यातला छापील कागद कन्नडमध्ये, आज्जीला वाचता येईना. म्हणून मी मराठीत हातानं लिहिला:

‘सूचना एकदा. नाही ऐकलं तर इशारा एकदा. तरीही नाही, तर आज संध्याकाळचा मोबाईल बंद. रडला, ओरडला तरी परत नाही. उद्या पुन्हा नव्यानं सुरुवात. घरातल्या सगळ्यांचं उत्तर एकच.’

न ऐकण्याचा परिणाम मुद्दाम छोटा ठेवलाय. महिनाभराची शिक्षा कुणालाच पाळवत नाही, आणि मुलाकडेही गमावण्यासारखं काही उरत नाही.

आईनं वहीत रडण्याची मिनिटं लिहिली होती. सोमवारी दहा, मंगळवारी वीस, बुधवारी पंचेचाळीस. हे वाढणार, हे मी आधीच सांगितलं होतं. आजवर रडून मिळत आलेलं मिळेनासं झालं की मूल आधी जोर वाढवतं. गुरुवारी आई गोठ्यात असताना आज्जीनं मोबाईल दिला. पुढच्या आठवड्यात रडणं तासाच्या वर गेलं. कधीतरी मिळतं, हे कळलेलं मूल कधीच न मिळालेल्या मुलापेक्षा जास्त चिवट रडतं.

आज्जी पुढच्या सत्राला आली. ‘ताई, पोरगं श्वास कोंडून रडतंय, मला बघवत नाही.’ तिला दोष देऊन काय मिळणार होतं? तिला कामच दिलं. रडणं चालू असेल तोवर परड्यात जायचं. तो शांत झाला की तिनंच जवळ घ्यायचं, गोष्ट सांगायची. म्हणजे तिची माया शांत होण्याला मिळेल, रडण्याला नाही. मात्र त्यानं कुणाला मारलं किंवा वस्तू फेकली, तर दुर्लक्ष करायचं नाही. तिथं लगेच थांबवायचं, हेही बजावलं.

या आठवड्याची वही पंधरा मिनिटांवर आलीय. शाळेतल्या तक्रारी तशाच आहेत. वडील उद्यमबागच्या फाउंड्रीत दुसऱ्या पाळीला असतात आणि तक्ता त्यांनी अजून वाचलेला नाही. पुढचं सत्र त्यांच्या सुट्टीच्या दिवशी ठेवलंय.