व्हेंडरला 'नाही' कळवताना
आज एका व्हेंडरला कोटेशन नाकारल्याचा इंग्लिश मेल लिहिला. त्यांनी स्वतः येऊन मापं घेतली होती, कोटेशन रिवाइज पण करून दिलं होतं, मग नुसतं गप्प बसणं बरोबर नाही ना. थँक यू झाल्यावर लगेच पुढच्या वाक्यात लिहिलं, 'वी हॅव डिसायडेड नॉट टू गो अहेड विथ धिस कोटेशन', कारण तिथे 'वी विल गेट बॅक टू यू' लिहिलं की समोरचा आशेवर राहतो, माल अडवून ठेवतो आणि फॉलोअपचे फोन करत बसतो. कारण एकच दिलं आणि खरं दिलं, आम्हाला डिलिव्हरी तीन आठवड्यांत हवी, त्यांची सहा. दुसऱ्याचा रेट मात्र अजिबात नाही सांगितला, तो सांगितला की घासाघीस सुरू होते, आणि ज्याने विश्वासाने रेट दिला त्याच्यावर अन्यायच की तो. शेवटी 'फ्युचरमध्ये बघू' असलं मोघम न लिहिता, मेंटेनन्सची इन्क्वायरी काढू तेव्हा तुम्हालाही पाठवू असं लिहिलं, आणि ती खरंच निघणार आहे म्हणूनच लिहिलं. संध्याकाळी त्यांचा रिप्लाय आला, इन्क्वायरी आली की डिलिव्हरीचं आधी बघतो म्हणाले.