उजळ गळ्यामुळे मार्टेन ठरत नाही

आमच्या गटातल्या नव्या मुलाने त्या फोल्डरला नाव दिलं होतं ‘मार्टेन – नक्की’. दक्षिण सह्याद्रीतल्या उंचावरच्या जंगलात लावलेल्या, प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या एका कॅमेरा ट्रॅपच्या मेमरी कार्डावरचे ते फोटो होते. पहिली वर्गवारी त्याने केली होती आणि दुसरी तपासणी माझ्याकडे होती. त्याच्या आवाजातला आनंद मला समजत होता. नीलगिरी मार्टेन हा लांबट अंगाचा लहान मांसभक्षक दक्षिण सह्याद्रीबाहेर जगात कुठेच नाही, आणि दक्षिण भारतातला मार्टेन तेवढाच. त्याची एक नोंद मिळणं ही मोठी गोष्ट. म्हणूनच चुकीची नोंदही मोठी ठरते. नकाशावर एकदा ठिपका पडला की पुढचे लोक तो धरूनच चालतात.

फोल्डरमध्ये एकाच क्षणाच्या, सेकंदा-सेकंदाने घेतलेल्या तीन फ्रेम होत्या. वेळ १८:४७. रंग नव्हता, कारण उजेड कमी होताच कॅमेरा इन्फ्रारेडवर गेला होता. पहिल्या फ्रेममध्ये एक लांबट, गडद प्राणी समोरून येताना दिसत होता आणि त्याच्या गळ्यावर मोठा उजळ पट्टा होता.

“ताई, गळा बघा ना,” तो म्हणाला. “याहून स्पष्ट काय असणार?”

त्याचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. नीलगिरी मार्टेनचा गळा पिवळा ते नारिंगी असतो आणि बाकीचं अंग गडद तपकिरी. पण इन्फ्रारेड फोटोत रंग उरत नाही. कुठून किती प्रकाश परत आला, एवढंच उरतं. दिवसा गडद तपकिरी दिसणारी फर इन्फ्रारेडमध्ये बऱ्याचदा राखाडी, फिकट दिसते. मलेशियात काळ्या बिबट्यांच्या अंगावरचे ठिपके इन्फ्रारेड कॅमेऱ्यात स्पष्ट उमटतात, ते याच गुणामुळे. शिवाय प्राणी कॅमेऱ्याकडे तोंड करून आला की गळा आणि छाती सरळ फ्लॅशसमोर येतात. जवळ असेल तर तो भाग जळून पांढरा पडतो.

मग हा पट्टा रंगाचा की प्रकाशाचा? हे तपासायला एकच फ्रेम पुरत नाही. मी तिन्ही शेजारी-शेजारी लावल्या. केसांचा रंग प्राण्याबरोबर चालतो, प्रकाश चालत नाही. दुसऱ्या फ्रेममध्ये प्राणी आडवा झाला होता आणि गळ्याची एक बाजू व्यवस्थित दिसत होती. तिथे पट्टा नव्हताच. गळा खांद्याइतकाच गडद होता, किंबहुना थोडा जास्तच. मार्टेनच्या गळ्यावरचा रंग बाजूनेही दिसतो, मानेच्या कडेपर्यंत येतो. एका सेकंदात तो नाहीसा होत नाही.

इथे मार्टेनची बाजू लंगडी झाली, पण दुसरं काय ते अजून ठरलं नव्हतं. त्या उंचीवर गडद, एकरंगी, मध्यम आकाराचे तीन दावेदार आहेत: नीलगिरी मार्टेन, तपकिरी उदमांजर आणि तपकिरी मुंगूस. नेहमीच्या उदमांजराच्या तोंडावर मुखवट्यासारख्या खुणा असतात आणि पाठीवर पट्टे. जवादी मांजराच्या शेपटीवर वलयं असतात. त्यांचा निकाल बहुधा लवकर लागतो. पण तपकिरी उदमांजराला पट्टे नाहीत, मुखवटा नाही, काही नाही. ते इतकं साधं दिसतं की माणूस त्याच्यावर हवं ते नाव चिकटवू शकतो. दिवस-रात्रीवरून थोडी मदत होते: मार्टेन मुख्यतः दिवसाचा, उदमांजर रात्रीचं. मात्र तपकिरी मुंगूस बाकीच्या मुंगसांसारखा पक्का दिवसाचा नाही, तो अंधारातही फिरतो. पावणेसातच्या संधिप्रकाशात तर कुणीही भेटू शकतं. म्हणून वेळेला मी साक्षीदार मानते, न्यायाधीश नाही. त्याआधी कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर आहे का, हेही बघते. भरदुपारच्या फोटोवर रात्रीची वेळ पडलेली असेल तर त्या कार्डातल्या कुठल्याच वेळेवर विसंबता येत नाही.

मी पहिल्यांदा डोकं बघते. मुंगसाचं डोकं शंकूसारखं मानेतून निमुळतं होत पुढे येतं. कपाळ आणि मुस्कट यांच्यामध्ये ठळक उतार नसतो. कान आखूड, रुंद आणि डोक्याच्या बाजूंना चिकटलेले, त्यामुळे बाजूने पाहिलं तर डोक्याच्या वरच्या रेषेतून बाहेर येत नाहीत. अंधाऱ्या फोटोत ही खूण फार उपयोगी पडते, कारण तिला रंग लागत नाही, बारकावा लागत नाही, नुसती बाह्यरेषा पुरते. आमच्या दुसऱ्या फ्रेममध्ये कान रेषेच्या वर स्पष्ट उभे होते. मुंगूस बाद.

मार्टेन आणि उदमांजर यांच्यात मात्र कानांवरून निकाल लागत नाही, दोघांचेही कान दिसतात. मार्टेनचं डोकं वरून चपटं, तोंड त्रिकोणी, कान रुंद बुडाचे आणि गोल. उदमांजराचं मुस्कट त्याहून लांब वाटतं, डोळे मोठे. पण धूसर फोटोत असे फरक ज्याला जे हवं ते दाखवतात. इथे शेपटी मोजायची.

मार्टेनची डोक्यासकट शरीराची लांबी साधारण ५५ ते ६५ सेंटिमीटर आणि शेपटी ४० ते ४५. म्हणजे शेपटी शरीराच्या सुमारे ०.७ पट. तपकिरी उदमांजराची शेपटी जवळपास शरीराइतकी, ०.९ च्या आसपास. तपकिरी मुंगसाची पुन्हा आखूड, मार्टेनच्या जवळपास किंवा त्याहूनही कमी. म्हणजे शेपटीची लांबी उदमांजराला बाकी दोघांपासून वेगळं करते, आणि कान-मुस्कट मुंगसाला बाकी दोघांपासून. दोन्ही प्रश्न विचारले तर तिघंही सुटे होतात. एकच विचारला तर कुठली तरी जोडी अडकून राहते.

मोजण्यालाही शिस्त लागते. फ्रेम आडवी हवी, आणि शेपटी शरीराच्याच दिशेने पसरलेली हवी. प्राणी थोडा तिरका असला तरी शरीर आणि शेपटी दोन्ही सारख्याच प्रमाणात आखूड दिसतात, गुणोत्तर टिकतं. शेपटी कॅमेऱ्याकडे किंवा त्याच्यापासून दूर वळली असेल तर मोजून उपयोग नाही. मी नाकाच्या टोकापासून पाठीच्या कण्याच्या वळणावर ठिपके टाकत शेपटीच्या बुडापर्यंत जाते आणि तिथून टोकापर्यंत. बूड शोधणं सगळ्यात अवघड. मागच्या मांड्यांच्या वर पाठीची रेषा खाली उतरते तिथे ते असतं, पण केस दाट असले की ते प्रत्यक्षाहून मागे असल्याचा भास होतो. टोकाला नुसते केसच उरतात, तो भाग मी धरत नाही.

दुसऱ्या फ्रेममध्ये शरीर ४१२ पिक्सेल भरलं आणि शेपटी ३७१. टोक गवतात गेलं होतं. गुणोत्तर ०.९. मुलाने रास्त शंका काढली: बूडच चुकीच्या जागी धरलं असेल तर? आम्ही ते मुद्दाम २० पिक्सेल मागे नेऊन पाहिलं. तेव्हा ४३२ आणि ३५१, म्हणजे ०.८१. त्यातही लपलेलं टोक जमेला धरलेलं नाही, तेव्हा खरा आकडा याहून मोठाच. शेपटीची जाडी बुडापासून दिसेल तिथपर्यंत जवळपास सारखी होती. तिसऱ्या फ्रेममध्ये प्राणी मार्टेनसारखी पाठ न उचलता, पाय एकामागून एक टाकत चालला होता. ‘मार्टेन – नक्की’ ऐवजी ‘तपकिरी उदमांजर’ असं नाव पडलं. त्याचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, पण सह्याद्रीबाहेर न सापडणारा हाही प्राणी आहे, तेव्हा ही नोंदही आनंदानेच घ्यायची, असं मी त्याला सांगितलं.

मग त्यानेच विचारलं, “असं असेल तर मी मुंगूस म्हटलेलेही बघायचे का?”

बघायलाच हवे होते. त्याच्या मुंगसांच्या फोल्डरमधले बहुतेक मुंगूसच होते: पोट जमिनीलगत, पाय आखूड, बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळती होणारी शेपटी. दोन फ्रेमच्या एका जोडीपाशी आम्ही थांबलो. वेळ ०६:३१, धुकं, रंग असूनही नसल्यासारखा. प्राणी डोकं खाली घालून जमीन हुंगत होता, त्यामुळे गळा दिसत नव्हता. नाक लांब वाटत होतं आणि शेपटी फार मोठी नव्हती, म्हणून मुंगूस. पण डोकं खाली असूनही एक कान रेषेच्या बाहेर आला होता, रुंद आणि गोल. पाठ कमानीसारखी वर उचललेली होती आणि पोटाखाली भरपूर मोकळी जागा होती. मुंगसाच्या पोटाखाली एवढी जागा नसते.

शेपटी २४० पिक्सेल भरली. मुलाने नाक ते शेपटीचं बूड अशी सरळ रेघ धरली आणि २९० आकडा काढला. गुणोत्तर ०.८३. तो म्हणाला, “मग हेही उदमांजर.” पण कमानदार पाठीवर सरळ रेघ धरली की शरीर आखूड भरतं आणि शेपटी उगाच लांब ठरते. नेमका मार्टेनच अशी पाठ उचलतो, त्यामुळे ही गफलत त्याच्याच बाबतीत जास्त होते. कण्याच्या वळणावरून मोजल्यावर शरीर ३३८ भरलं आणि गुणोत्तर ०.७१ आलं.

या जोडीतल्या दुसऱ्या फ्रेममध्ये पुढचे दोन्ही पाय एकत्र उचललेले होते, शरीर झेपेत ताणलेलं, आणि खांद्यापुढे गळ्याच्या कडेला पिवळसर रंगाची एक चिंचोळी पट्टी. हा रंगीत फोटो होता, फ्लॅश पेटलेला नव्हता, त्यामुळे हिला प्रकाशाचा खेळ म्हणता येत नव्हतं. तरीही मी लगेच नाव लिहिलं नाही. दोन्ही फ्रेम नाव काढून, वेळ झाकून दुसऱ्या शहरातल्या एका सहकारी मॅडमना पाठवल्या, सोबत काहीही न सांगता. आधी नाव ऐकलं की डोळा तेच शोधतो. संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं: मार्टेन, कान आणि झेप यांवरून, गळ्याचा रंग त्यांनी शेवटी लिहिला होता.

नोंद झाली, मोजमापांसकट. त्याच कार्डात आणखी एक इन्फ्रारेड फ्रेम आहे. तिच्यात मागचा अर्धा भाग फ्रेमबाहेर गेलाय आणि कान फांदीमागे आहेत. मुलाला ती मार्टेनची वाटते. वाटू शकते. पण जिथे शेपटीही मोजता येत नाही आणि कानही दिसत नाहीत, तिथे आम्ही ‘लहान मांसभक्षक, ओळख नाही’ एवढंच लिहितो. या वेळी ते त्याने स्वतःच लिहिलं.