फुकटचे सहा महिने

विजेच्या खात्यात पहिली नोंद नोव्हेंबर २०२२ ची होती आणि भाड्याच्या खात्यात पहिली नोंद एप्रिल २०२३ ची. ही विसंगती आमच्या आर्टिकलशिप करणाऱ्या मुलीने पकडली, आणि तेही ती विजेची व्हाउचरं तपासत होती म्हणून. भाड्याचं खातं मी तिला दिलंच नव्हतं. २०२२-२३ या वर्षात भाड्याची नोंदच नाही, मग तपासायचं काय, असं क्लायंटचे अकाउंटंट काका तिला म्हणाले होते. "सर, जागेचं भाडं चालू नाही, पण लाइट कशी काय चालू आहे?" असं तिने विचारलं आणि त्या ऑडिटचे पुढचे पंधरा दिवस मला पाठ झाले.

क्लायंट अंधेरी पूर्वेला मरोळमध्ये मालवाहतुकीची कागदपत्रं बघणारी एक खासगी कंपनी. शेअर बाजारात नोंदलेली नाही, फार मोठीही नाही, त्यामुळे तिला जुनी हिशेब मानकं लागू होतात. भाडेपट्ट्यासाठी मानक १९. नव्या इंड एएस ११६ मध्ये जागेचा हक्क मालमत्ता म्हणून आणि पुढची भाडी देणं म्हणून ताळेबंदात येतात, तो प्रकार इथे नाही. इथे साधा नियम आहे: भाडेकराराच्या पूर्ण मुदतीत मिळून जेवढं भाडं द्यायचं, ते मुदतीवर सारखं वाटून दर महिन्याला खर्चात घ्यायचं. जागेचा उपयोग वेगळ्या रीतीने होतो असं दाखवता आलं तर दुसरी पद्धत चालते, पण ऑफिसची जागा दर महिन्याला सारखीच वापरली जाते. पैसे कधी जातात याच्याशी या वाटणीचा संबंध नाही.

मी करार मागवला. नोंदणी केलेला लीव्ह अँड लायसन्स, दर पानावर सह्या, शेवटी फोटो आणि अंगठे. मुदत १ ऑक्टोबर २०२२ पासून ६० महिने. ताबा त्याच दिवशी. पहिले सहा महिने भाडं निरंक, 'फर्निचर व अंतर्गत कामासाठी सवलत' म्हणून. त्यानंतर पहिल्या वर्षाचे उरलेले सहा महिने महिना ४ लाख, आणि मग दर ऑक्टोबरला २० हजारांची वाढ: ४.२०, ४.४०, ४.६०, ४.८०. जीएसटी वेगळा. लॉक-इन ३६ महिन्यांचा. त्यानंतर कंपनी नोटीस देऊन जागा सोडू शकते, आणि ती नोटीस लॉक-इन संपायच्या आधीही देता येते.

पहिल्या वर्षी २४ लाख, मग ५०.४, ५२.८, ५५.२ आणि ५७.६. एकूण २४० लाख. भागिले ६०, म्हणजे महिना बरोबर ४ लाख.

या योगायोगानेच घोटाळा लपला होता. काकांनी एप्रिल २०२३ पासून महिना ४ लाखांची नोंद टाकायला सुरुवात केली होती, आणि सरासरीही नेमकी तेवढीच. पुढच्या वर्षी कोणी फक्त एप्रिलचा महिना काढून तपासला असता तर टिकमार्क करून पुढे गेला असता. चूक दरात नव्हती, तारखेत होती. खर्च सुरू होतो जागा ताब्यात आली त्या दिवशी. पहिलं बिल येतं त्या दिवशी नव्हे. ऑक्टोबर ते मार्च सहा महिने गुणिले ४ लाख, म्हणजे २०२२-२३ च्या नफ्यातून २४ लाख वजा व्हायला हवे होते, आणि वजा झाले होते शून्य. करपूर्व नफा दाखवला होता ३१ लाख. खरा ७.

शेठना हे सांगायला मीच गेलो, कारण आमचे पार्टनर असल्या बैठकींच्या दिवशी नेमके फोर्टमध्ये कुठेतरी असतात. शेठनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साहेब, मालकाने फुकट दिलंय. जे दिलंच नाही ते खर्चात कसं टाकता?" ३१ लाखांचे तात्पुरते आकडे एप्रिलमध्येच बँकेला कॅश क्रेडिटच्या नूतनीकरणासाठी गेले होते, हे त्यांनी सांगितलं नाही. ते काकांनी मला लिफ्टपाशी सांगितलं.

फुकटच्या प्रश्नाला मानकाचा परिच्छेद वाचून दाखवण्यात अर्थ नसतो. मी त्यांच्याच पॅडवर लिहून दाखवलं. दुसऱ्या वर्षी तुम्ही सरासरीपेक्षा महिना २० हजार जास्त देणार, वर्षाचे झाले २.४ लाख. तिसऱ्या वर्षी ४० हजार जास्त, म्हणजे ४.८. चौथ्या वर्षी ७.२, पाचव्या वर्षी ९.६. बेरीज करा. त्यांनी केली. चोवीस लाख. मालकाने सहा महिन्यांत जे सोडलं ते दर ऑक्टोबरच्या वाढीतून पैनपै परत घेतलंय. सगळ्या करारांत आकडे इतके चोख जुळत नाहीत, पण घडण हीच असते. मुंबईत ऑफिसची जागा देणारा कोणी फुकट देत नाही, तो फक्त तारीख पुढे ढकलतो. ताळेबंदात दिसणारं २४ लाखांचं देणं म्हणजे जागा वापरून झाली पण जिचं भाडं अजून दिलं नाही अशा सहा महिन्यांचा हिशेब. ते सप्टेंबर २०२३ पर्यंत तसंच राहतं, मग दर महिन्याला आधी २० हजारांनी, नंतर वर्षागणिक ४०, ६० आणि ८० हजारांनी उतरत जातं आणि साठाव्या महिन्याला शून्य होतं. ते शून्य आलं नाही तर आपलं वर्किंग चुकलं, हे मी प्रत्येक आर्टिकलला सांगतो.

शेठना पटलं. पटलं म्हणजे ते गप्प झाले. मग त्यांच्या सल्लागाराचा फोन आला. हे गृहस्थ आठवड्यातून एकदा येतात आणि बाकी सहा दिवस कानात बोलतात. त्यांचं म्हणणं, वाढ महागाईपोटी असेल तर सरासरी काढावी लागत नाही. ही सूट खरीच होती, पण ती इंड एएस १७ मध्ये. ते मानक १ एप्रिल २०१९ पासून ११६ आल्यावर गेलं, आणि जुन्या मानक १९ मध्ये ती सूट कधीच नव्हती. त्यातही ती सूट वाढीपुरती होती. मोफत महिने तिनेही सुटले नसते. कुठल्या तरी जुन्या सेमिनारची फाइल घेऊन लोक वर्षानुवर्षं फी कशी घेतात, हा प्रश्न मी फोनवर विचारला नाही.

दोन दिवसांनी खरा मुद्दा आला, आणि तो शेठच्या मुलाने काढला. मुलगा हुशार आहे. त्याने करार स्वतः वाचला होता. "लॉक-इन ३६ महिनेच आहे. त्यापुढे आम्ही बांधील नाही. मग ६० ने का भागायचं?" प्रश्न चांगला होता. मानकाप्रमाणे मुदत म्हणजे रद्द न करता येणारा काळ, आणि पुढे जागा ठेवण्याचा पर्याय असेल तर तो वापरला जाईल अशी करार करतानाच रास्त खात्री असलेला काळ. ३६ धरले तर एकूण भाडं १२७.२ लाख, महिना ३ लाख ५३ हजार ३३३. मार्चपर्यंतचा खर्च २४ च्या जागी २१.२. म्हणजे २.८ लाख वाचले.

उत्तर करारात नव्हतं, त्यांच्याच मालमत्तेच्या यादीत होतं. त्या जागेत केबिन, सीलिंग, केबलिंग, एसी डक्ट मिळून ८५.५ लाखांचं काम झालं होतं. १ जानेवारी २०२३ ला ते वापरात आलं, आणि काकांनी त्याचा घसारा कराराच्या उरलेल्या ५७ महिन्यांवर धरला होता, महिना दीड लाख. भिंतीत बसवलेलं हे काम जागा सोडताना उचलून नेता येत नाही, म्हणून ते जागेपेक्षा जास्त जगू शकत नाही. आता भाड्याला ३६ महिने म्हणायचं आणि त्याच जागेतल्या सीलिंगला ६०, असं दोन्हीकडून चालत नाही. ३६ धरले तर काम ३३ महिन्यांत संपवायला हवं, महिना २ लाख ५९ हजार. जानेवारी ते मार्चचा घसारा ४.५ लाखांवरून ७.७७ वर जातो. भाड्यात वाचतात २.८, घसाऱ्यात जातात ३.२७.

मुलाने कॅल्क्युलेटर खाली ठेवला आणि वडिलांकडे बघून म्हणाला, "साठच राहू दे, पप्पा." मला हसू आलं, पण मुदत आकडा सोयीचा म्हणून ठरत नाही, हेही सांगावं लागलं. एवढा पैसा भिंतीत घालणारा माणूस तीन वर्षांत उठून जाणार नाही, हा आमचा मुख्य आधार. शिवाय स्टँप ड्युटी भरताना साठही महिन्यांचं भाडं धरलेलं होतं, पण तो नियमच तसा आहे, त्यावरून इराद्याविषयी फार काही ठरत नाही. हे सगळं टिपणात लिहून त्यावर शेठची सही घेतली. करासाठी आम्ही सावध बाजू घेऊन ते २४ लाख त्या वर्षी वजावट म्हणून मागितले नाहीत, आणि २५.१६८ टक्क्यांनी ६ लाख ४ हजारांचा पुढे वाचणारा कर स्थगित कर म्हणून मालमत्तेत दाखवला. बँकेला सुधारित आकड्यांबरोबर एक पान जोडलं, की या चोवीस लाखांत एक रुपयाही रोख गेलेला नाही. लिमिट नूतनीकरण झालं, उशिरा का होईना.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे शेठचा परवाचा फोन. ऐरोलीला त्यांनी जागा बघितली आहे. लॉक-इन ३० सप्टेंबर २०२५ ला संपतंय. "गेलो तर ते तुमचं देणं मला परत मिळणार ना? म्हणजे माझ्या पोराचंच बरोबर होतं." पैसे कोणी देणार नाही, पण ३६ महिन्यांअखेर उरलेलं १६.८ लाखांचं देणं नफ्यात परत फिरेल, हे खरं आहे. मात्र तोपर्यंत सीलिंग आणि केबिनचे ३६ लाखही लिहून टाकावे लागतील. आणि करार करताना खात्री रास्त होती का, हे तीन वर्षांनंतरच्या निर्णयावरून ठरत नाही. तसं ठरवायला लागलो तर कुठलाच अंदाज टिकायचा नाही.

मला खुपतंय ते वेगळंच. मार्च २०२५ चा ताळेबंद अजून सहीला यायचा आहे. त्यात १९.२ लाखांचं देणं आहे आणि त्या कामाचे ४५ लाख शिल्लक आहेत. जायचा निर्णय मार्चनंतर झाला असेल तर हे आकडे हलत नाहीत, फार तर टीप लिहायची. आधीच झाला असेल तर मात्र निर्णयाच्या तारखेपासूनच त्या कामाचं उरलेलं आयुष्य सप्टेंबरपर्यंतचं धरायला हवं, आणि देण्याचाही हिशेब नव्याने मांडायला हवा. शेठ म्हणतात, जूनमध्ये विचार सुरू केला. काका म्हणतात, ब्रोकर होळीच्या आसपास येऊन गेला होता. ब्रोकरशी झालेला सगळा पत्रव्यवहार आणि संचालकांच्या सभांची इतिवृत्तं मी मागितली आहेत. काकांनी सोमवारी देतो म्हणून सांगितलंय.