आमची वाटचाल: फ्लॅटच्या फोटोतून काय काढतो, काय ठेवतो

आम्ही सुरुवात केली ती लग्नाच्या अल्बमपासून. पुण्यात धायरीला छोटासा गाळा, मी आणि बायको, दोघंही एडिटिंग करायचो. सीझन संपला की काम थंड, मग ओळखीतल्या एका एजंटने रीसेल फ्लॅटचे फोटो करायला दिले आणि हळूहळू तेच मुख्य काम झालं. अल्बममध्ये नवरीच्या गालावरची पुटकुळी काढली तर सगळे खूश असतात, तीच सवय घेऊन फ्लॅटच्या फोटोंकडे बघता येत नाही हे आम्हाला पहिल्या पावसाळ्यातच कळलं, कारण त्या दिवसांत निम्म्या फ्लॅटच्या छताला ओल असते आणि एजंटची पहिली सूचना असते "तेवढा डाग उडवा".

त्यावरून रोज फोनवर वाद नको म्हणून बायकोने पद्धत पाडली, प्रत्येक कामाबरोबर एक ईमेल जायचा, फोटोतून काय काढलं आणि काय मुद्दाम ठेवलं ते लिहून. आमचा धंदा त्या ईमेलवर उभा आहे असं मी म्हणेन. सिंहगड रोडच्या एका 2 बीएचकेच्या फोटोंबरोबर पाठवलेला ईमेल इथे देतो, पत्ता आणि नावं काढून.

"नमस्कार दादा, फोटो जोडलेत. हॉलमधून भिंतीवरचे फॅमिली फोटो, टीपॉयवरची औषधं आणि टीव्हीखालचा वायरचा गुंता काढलाय. कपाटाच्या आरशात मी आणि ट्रायपॉड दिसत होतो तेही काढलं. किचनमध्ये ओट्यावरची भांडी आणि फ्रिजवरची मॅग्नेट, ड्राय बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे, आणि पार्किंगच्या फोटोत दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबर ब्लर केलेत. हे सगळं मालकांबरोबर जाणारं किंवा खाजगी आहे, घेणाऱ्याला त्याचा संबंध नाही.

`BED2_03.jpg` मध्ये छताचा पिवळा डाग आणि पोपडे आहेत तसेच ठेवलेत. वर बरोबर वरच्यांचं बाथरूम येतं, म्हणजे ते तिथून गळत असण्याची शक्यता जास्त. हॉलच्या बीमखालचा तडा पण ठेवलाय, तो केसाएवढा असला तरी बीमपासून खिडकीच्या कोपऱ्यापर्यंत तिरका जातो, तो किरकोळ आहे का नाही हे इंजिनियरने सांगायचं, आपण नाही. किचनच्या दोन टाइल्स फुटल्यात त्या दिसतात. बाल्कनीसमोरचा ट्रान्सफॉर्मर ठेवलाय, तो आपल्या फ्लॅटचा भाग नसला तरी रोज समोर तोच दिसणार.

बेडरूममधलं लोखंडी कपाट काढायला सांगितलं होतं ते मात्र काढलेलं नाही. कपाटामागची भिंत कशी आहे ते फोटोत नाही. कपाट प्रत्यक्ष सरकवून दिलंत तर येऊन परत फोटो काढतो, वेगळे पैसे नाहीत."

कपाटाचा मुद्दा लोकांना सगळ्यात कमी पटतो. वस्तू मिटवली की तिथे मोकळी जागा राहत नाही, तिथे काहीतरी भरावं लागतं, आणि जे भरतो ते आजूबाजूच्या चांगल्या भिंतीवरून उचललेलं असतं. टेबलावरचं औषधाचं पाकीट काढलं तर खाली टेबलच असणार, ते शेजारच्या लाकडावरून कळतं. पण सहा फुटी कपाट काढून मी स्वच्छ भिंत रंगवली तर ती भिंत मी बनवलेली आहे, आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला जड सामान टेकवलेलं असतं तेव्हा मागे खार फुटलेला असू शकतो. सोफ्याखालच्या टाइल्सचं पण तेच. म्हणून आता शूटला गेलो की शक्य असेल तर सामान हलवून त्याच जागेवरून, ट्रायपॉड न हलवता दुसरा फोटो घेतो, मग खरी भिंत हाताशी असते आणि कपाट बिनधास्त काढता येतं.

दुसरं एक आहे जे एजंटला तर सोडाच, नवीन एडिटरला पण लक्षात येत नाही. डाग पुसायची गरजच नसते, तो आपोआप जातो. घरातला प्रत्येक फोटो आम्ही कमी-जास्त एक्स्पोजरने तीन किंवा पाच वेळा घेऊन जोडतो म्हणजे खिडकीबाहेरचं पण दिसतं आणि आतला कोपरा पण. हे जोडताना छत उजळतं, वरून दिव्यांचा पिवळेपणा घालवायला व्हाइट बॅलन्स केला की ओलीचा फिकट पिवळा डाग त्याच्यासोबत पांढरा होतो आणि नॉइज कमी करताना बारीक तडा सपाट होतो. कुणी काही खोटं केलेलं नसतं, पण फोटो खोटा झालेला असतो. त्यामुळे शूटच्या वेळीच बायको वहीत लिहून घेते कुठल्या खोलीत काय आहे, आणि फोटो पाठवायच्या आधी ती वही घेऊन मूळ फाइल आणि तयार फाइल शंभर टक्के झूमवर शेजारी शेजारी लावून बघते. डाग डोळ्याला होता तेवढा दिसत नसेल तर तेवढ्या भागातला उजेड परत खाली आणतो. डोळ्याला होता त्यापेक्षा जास्त गडद पण करत नाही, ते विकणाऱ्यावर अन्याय होईल.

त्या ईमेलनंतर एजंटदादांचा फोन आला, "अहो मालक पुट्टी मारून रंग देणारेत, मग डाग कशाला ठेवता?" मी म्हटलं, रंग झाला की बोलवा, नवीन फोटो काढू, पण त्याच्या आधी वरची गळती थांबवा. वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला बोळा लावून दीड-दोन इंच पाणी भरून चोवीस तास ठेवलं की खाली ओल वाढते का ते कळतं. नुसती पुट्टी मारली तर ओल परत वर येते, तोपर्यंत फ्लॅट दुसऱ्याचा झालेला असतो. आणि माहीत असलेला, पण घेणाऱ्याला साध्या काळजीने बघून सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितला पाहिजे हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 मध्ये आहे. उघडा डाग घेणाऱ्याला दिसतो, पुट्टीखाली झाकलेली गळती दिसत नाही, म्हणजे झाकून मालक स्वतःचीच अडचण वाढवतो. दादांना हे पटलं, त्यांनी मालकांना सांगितलं.

मला घेणारा डोळ्यासमोर असतो. बरेच जण नागपूरला नाहीतर दुबईला बसून फोटो बघतात, टोकन आधी पाठवतात आणि घर नंतर बघतात. फोटोत ट्रान्सफॉर्मर बघून ज्याला नको तो फोनच करत नाही, जो येतो तो ठरवून येतो, त्यामुळे एजंटच्या पण फुकटच्या चकरा वाचतात.

काही जण काम सोडून गेले, त्यांना आकाश निळं आणि छत कोरं हवं होतं. आकाशाचं विचाराल तर पावसाळ्यात बिल्डिंगच्या बाहेरच्या फोटोत आम्ही पण ढग जरा उजळतो, ते उद्या बदलणारच असतात. खोली मोठी दिसायला फोटो ताणत मात्र नाही, वाइड लेन्समुळे ती आधीच मोठी दिसते, म्हणून ईमेलच्या शेवटी एक ओळ टाकतो की फोटोसोबत कार्पेट एरिया आणि बेडरूमची लांबी-रुंदी फुटात लिहा.

ईमेलचा साचा कुणाला हवा असेल तर गाळ्यावर या, प्रिंट काढून देतो.