एसएचए-२५६ होतं, एईएस होतं, तरी बदल परत पाठवला

सभासदांचे मोबाइल नंबर हॅश केले, बँक खातं आणि पॅन एन्क्रिप्ट केलं, पासवर्ड रीसेटचं टोकन नव्याने लिहिलं. एवढ्या तीन ओळींची टिपणी लावून तो बदल माझ्याकडे रिव्ह्यूला आला. आम्ही पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. बदल करणारा मुलगा टीममध्ये नवा असला तरी हुशार आहे, आणि त्याने निवडलेली नावं सगळी बरोबर होती. कुठे एमडी५, ईसीबी अशा कच्च्या ठरलेल्या पद्धती नाहीत, स्वतः रचलेली एक्सऑरची जादू नाही. असले बदल पास व्हायला वेळ लागत नाही, म्हणून मी त्यांना जास्त वेळ देते. नावं बरोबर असली की दोष आजूबाजूच्या ओळींत लपतो. चावी कुठून आली, रँडम आकडे जिथून सुरू होतात ते सीड कशाचं, एन्क्रिप्शनला लागणारा एकदाच वापरायचा आकडा, म्हणजे नॉन्स, कोणी ठरवला, हे तिथेच कळतं.

डिफ उघडला की मी आधी लाल ओळी वाचते, म्हणजे काढून टाकलेल्या. ही सवय डेबियनच्या प्रकरणामुळे लागली. २००६ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीच्या डेबियन लिनक्समधल्या आवृत्तीत मेमरी तपासणाऱ्या साधनाची कुरकुर थांबवायची म्हणून दोन ओळी काढल्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर रँडमपणाचा जवळजवळ सगळा साठा गेला. उरला फक्त प्रोसेसचा नंबर. म्हणजे एका प्रकारच्या आणि लांबीच्या चावीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता. हे उघड व्हायला मे २००८ उजाडला. नव्या ओळीत घोळ नव्हताच, घोळ गेलेल्या ओळींत होता.

आमच्या डिफमध्ये गेलेली ओळ होती `secrets.token_urlsafe(32)`, आणि तिच्या जागी हे आलं होतं:

```python
def new_token():
    random.seed(int(time.time()))
    return "".join(random.choices(CHARS, k=32))
```

चांगली ओळ का काढली, हे मी आधी विचारलं. कारण खरं होतं. जुन्या टोकनात `-` आणि `_` यायचे, टोकन `-` वर संपलं की काही फोन एसएमएसमधली लिंक तिथेच तोडायचे, आणि सभासद शाखेत फोन करून तक्रार करायचे. म्हणून त्याने फक्त अक्षरं आणि अंक घेतले. "आणि सीड कशाला?" "दर वेळी नवं यावं म्हणून, ताई. आणि ३२ अक्षरं आहेत, ६२ चा ३२ वा घात. कोण ओळखणार?"

इथे हिशोब चुकतो. टोकन ३२ अक्षरांचं असलं तरी ते सगळं एका सीडवरून ठरतं, आणि सीड म्हणजे घड्याळातला सेकंद. अख्ख्या दिवसात सेकंद ८६,४००, म्हणून दिवसभरात टोकनही तितकीच. हल्लेखोराला तेवढीही लागत नाहीत. दुसऱ्याच्या खात्यासाठी "पासवर्ड विसरलो" त्यानेच दाबलेलं असतं, आणि आमच्या सर्व्हरच्या उत्तरात `Date:` नावाचं हेडर असतं. सेकंद आपणच त्याच्या हातात देतो. वाद घालण्यापेक्षा मी टेस्ट सर्व्हरवर एक विनंती पाठवली, हेडरमधली वेळ `t` मध्ये घातली आणि हे चालवलं:

```python
for s in range(t - 2, t + 3):
    random.seed(s)
    print("".join(random.choices(CHARS, k=32)))
```

पाच ओळी छापल्या गेल्या. टेस्ट फोनवर आलेलं टोकन त्यातच होतं. तो जरा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मग मिलिसेकंद घेतो." त्याने पाचाचे काही हजार होतात, आणि टोकन तपासणाऱ्या दुव्यावर आमच्याकडे तेव्हा कसलीच मर्यादा नव्हती. "मग सीडची ओळच काढतो." हे थोडं बरं, कारण मग पायथन सीड ऑपरेटिंग सिस्टीमकडून घेतं. तरीही `random` च्या आत मर्सेन ट्विस्टर आहे. ते सांख्यिकीच्या कामासाठी उत्तम, पण त्याचे सलग ६२४ पूर्ण आकडे मिळाले की आतली अवस्था उलगडते आणि पुढचं सगळं आधीच सांगता येतं. आमच्या टोकनमधून प्रत्येक आकड्याचे थोडेच बिट दिसतात, त्यामुळे जास्त टोकन जमवावी लागतील. पण स्वतःच्या खात्यावर टोकन मागायला कोणाला कोण अडवतं? शेवटी `secrets.token_hex(16)` ठरलं. ३२ अक्षरं, १२८ बिट, त्यात `-` नाही, आणि एसएमएसमध्येही मावतं. लिंक तुटायची तक्रारही मिटली.

मोबाइल नंबरचं प्रकरण वेगळं दिसतं, पण प्रश्न तोच: किती शक्यता? त्याने `hashlib.sha256(mobile)` चा निकाल टेबलात ठेवला होता, म्हणजे डेटाबेस फुटला तरी नंबर बाहेर जाणार नाही, आणि लॉगिनच्या वेळी हॅश करून शोधताही येईल. एसएचए-२५६ उलटवता येत नाही, हे खरंच. पण उलटवायची गरज काय? भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी आणि ६ ते ९ ने सुरू होणारा. म्हणजे सगळे मिळून फार तर ४०० कोटी. एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला त्याहून जास्त एसएचए-२५६ काढतं. चहा टाकायच्या आत अख्खा टेबल उघडा.

"सॉल्ट घालू?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. प्रत्येक ओळीला वेगळा सॉल्ट, म्हणजे हॅशआधी जोडायचा रँडम मजकूर, घातला तर नंबरावरून सभासद शोधताच येणार नाही, कारण कुठला सॉल्ट लावायचा हे आधी माहीत नसतं. शिवाय सॉल्ट त्याच टेबलात असल्याने हल्लेखोराचं काम एका ओळीमागे एक सेकंद, एवढंच वाढतं. सगळ्यांना एकच सॉल्ट, तोही कोडमध्ये लिहिलेला, असं केलं तर ती चावीच झाली, फक्त रेपॉझिटरीत उघड्यावर ठेवलेली. मग चावी म्हणूनच वापरू या, असं ठरलं: एचमॅक-एसएचए-२५६, म्हणजे चावी घालून काढलेला हॅश, आणि ती चावी डेटाबेसच्या बाहेर. नुसता डेटाबेस किंवा बॅकअप चोरीला गेला तर नंबर कळत नाहीत. ॲप्लिकेशन सर्व्हरच कोणाच्या हाती गेला तर मात्र चावीही जाते. तिथे याचा उपयोग नाही, हे मी रिव्ह्यूत स्पष्ट लिहून ठेवलं, नाहीतर वर्षभराने कोणीतरी "नंबर सुरक्षित आहेत" असं ऑडिटला सांगून बसतो.

रीसेट टोकन डेटाबेसात ठेवताना मात्र मी त्याला साधं एसएचए-२५६ च वापरायला सांगितलं, तेव्हा तो गोंधळला. आत्ताच नको म्हणालात ना? पण टोकनच्या शक्यता २ चा १२८ वा घात आहेत, त्या मोजून संपत नाहीत. तिथे चावीही नको आणि मुद्दाम संथ केलेला हॅशही नको.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो एन्क्रिप्शनवर, कारण ते पाहताक्षणी निर्दोष वाटतं:

```python
nonce = member_id.to_bytes(12, "big")
acct_ct = AESGCM(key).encrypt(nonce, acct, None)
pan_ct  = AESGCM(key).encrypt(nonce, pan, None)
```

नॉन्स गुप्त नसला तरी चालतो, पण एका चावीखाली तो दुसऱ्यांदा वापरायचा नाही, हे त्याने वाचलं होतं. सभासद क्रमांक कधी दुसऱ्यांदा येत नाही, म्हणून तोच घेतला. पण क्रमांक एक असला तरी एन्क्रिप्शन दोनदा होतं, खात्याचं आणि पॅनचं. एईएसची ही जीसीएम पद्धत आतून चावी आणि नॉन्सपासून बाइटांची एक मालिका बनवते आणि मजकुराशी तिचं एक्सऑर करते. दोन्ही वेळा मालिका तीच, म्हणून दोन सांकेतिक मजकुरांचं एक्सऑर केलं की ती गळून पडते आणि उरतं खातं एक्सऑर पॅन. चावी लागतच नाही.

आता पॅनची रचना आठवा. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर P असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं अक्षर. समजा, दोन्हींच्या चौथ्या बाइटचं एक्सऑर `0x67` आलं. P म्हणजे `0x50`. `0x67 ^ 0x50` म्हणजे `0x37`, म्हणजे अंक 7. खात्याचा चौथा अंक मिळाला, आणि आडनाव माहीत असेल तर पाचवाही. पॅनची झेरॉक्स तर आपण सिमकार्डापासून भाड्याच्या घरापर्यंत वाटत फिरतो. ती ज्याच्याकडे आहे त्याला खात्याचे पहिले दहा अंक थेट वाचता येतात. मी टेस्ट डेटावर हे करून दाखवलं. पायथनच्या दोन ओळी पुरल्या.

पॅनसाठी वेगळी चावी घेऊनही भागलं नसतं. सभासदाने खातं बदललं की त्याच क्रमांकाच्या नॉन्सने नवा नंबर एन्क्रिप्ट होणार, आणि जुना मागच्या आठवड्याच्या बॅकअपमध्ये पडलेलाच असतो. शिवाय जीसीएममध्ये नॉन्स पुन्हा वापरला की मजकूर खरा असल्याची खूण जिच्यावर उभी असते ती आतली चावी काढता येते, आणि मग नकली खातं नंबर बिनबोभाट घुसवता येतो. पैसे जमा होणाऱ्या खात्याच्या बाबतीत हे वाचलं जाण्याहून वाईट.

दुरुस्ती छोटी होती. प्रत्येक वेळी `os.urandom(12)` आणि तो नॉन्स सांकेतिक मजकुराच्या पुढे जोडून साठवायचा. असा रँडम नॉन्स एका चावीखाली २ च्या ३२ व्या घातापर्यंत, म्हणजे सुमारे ४२९ कोटी वेळा वापरावा, अशी मर्यादा आहे. आमच्या सभासदसंख्येला ती कधी शिवणारही नाही. सभासद क्रमांकही वाया गेला नाही. शेवटच्या `None` च्या जागी क्रमांक आणि रकान्याचं नाव मिळून घातलं. त्यामुळे एकाचं सांकेतिक खातं कोणी उचलून दुसऱ्याच्या ओळीत चिकटवलं, तर उलगडतानाच चूक येते. याची टेस्ट त्याने स्वतःहून लिहिली: दोन ओळी अदलाबदल करायच्या आणि `InvalidTag` येतो का पाहायचं. दुसरी टेस्ट, तोच मजकूर दोनदा एन्क्रिप्ट करून निकाल वेगळे येतात का, एवढीच.

पासवर्डांना त्याने हात लावला नव्हता, तिथे आर्गॉन२ हा मुद्दाम संथ केलेला हॅश आहे आणि राहील. मी फक्त टेस्ट जलद चालाव्यात म्हणून कमी केलेली सेटिंग प्रत्यक्ष सर्व्हर वाचत नाही ना, तेवढं पाहिलं.

पास करण्याआधी एक रकाना वाढवायला लावला, `key_version`. चावी बदलायची वेळ आली की कुठली ओळ कुठल्या चावीने बंद केलीय हे त्याशिवाय कळत नाही, आणि लाखभर ओळी साठल्यावर तो वाढवणं जिवावर येतं. एचमॅकची चावी सध्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये आहे. ती तिथून हलवायचं वेगळं तिकीट केलंय, आणि ते त्याने स्वतःच्या नावावर घेतलंय.