‘न’ कुठे बसलाय?

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा निरोप आला आणि बाकीची शाळा मागे पडून बाईच समोर आल्या. मराठीच्या बाई, नाव सांगायला नको.

ग्रंथालयाच्या कपाटावर मॉनिटरने कागद चिकटवला होता : ‘पुस्तके घरी न नेण्याची मुभा आहे.’ आमच्यातल्या एकाने लगेच एक पुस्तक दप्तरात घातलं. मॉनिटर तक्रार घेऊन गेला, तर बाईंनी त्यालाच फळ्याशी उभं केलं. ‘न नेण्याची मुभा’ आणि ‘नेण्याची मुभा नाही’ असं एकाखाली एक लिहून घेतलं. “‘न’ कुठे बसलाय बघ,” एवढंच म्हणाल्या. पुस्तक त्या मुलाकडेच राहिलं!

पुढे मी फ्रेंच शिकून दुभाषी झालो. नवखा असताना एका प्रत्यार्पण कराराच्या वाटाघाटींना बसलो होतो. (देशाचं नाव लिहीत नाही.) आपलाच नागरिक दुसऱ्या देशाच्या हवाली करायचा का, हे अशा करारातलं अवघड दुखणं. इंग्रजी मसुद्यात शब्द होते ‘मे नॉट एक्स्ट्राडाइट’. दोन्हीकडून माना डोलल्या, मजकुराभोवतीचे चौकोनी कंस निघाले. म्हणजे कलम मान्य. मी फ्रेंचमध्ये सांगायला गेलो आणि थबकलो. तिथे नकार ‘शकणे’ला लावायचा की ‘सोपवणे’ला, हे ठरवल्याशिवाय वाक्यच होत नाही. एकात बंदी, दुसऱ्यात नकाराची मुभा.

प्रत्येकाने आपल्या सोयीचं वाचलं होतं. त्यांच्या कायद्यात स्वतःचा नागरिक देण्यालाच मनाई. आपले अधिकारी धरून चालले होते की प्रकरण पाहून ते देतीलही. शिवाय दिला नाही तर खटला तिथे चालवायचा, असं मसुद्यात कुठेच नव्हतं. इथे गुन्हा करून मायदेशी पळालेला माणूस दोन्हीकडून सुटला असता, आणि हे कळलं असतं सह्या होऊन गेल्यावर.

दुभाष्याने मत द्यायचं नसतं. ‘दुभाषी खुलासा मागत आहे’ असं रीतसर म्हणून मी दोन्ही अर्थ दोन्ही भाषांत मांडले. दोन्हीकडून उत्तरं आली, एकमेकांच्या उलट. कंस परत आले. बऱ्याच घासाघिशीनंतर १९५७ च्या युरोपीय प्रत्यार्पण कराराच्या सहाव्या कलमाचा साचा घेतला : नागरिक सोपवायला नकार देण्याचा हक्क राहील, पण नकार दिल्यास, समोरच्याने विनंती केली तर, प्रकरण आपल्याच यंत्रणेपुढे ठेवावं लागेल. आमच्या शिष्टमंडळप्रमुखांनी नंतर पाठ थोपटली. ती थाप खरं तर बाईंची.

आता मी नव्या दुभाष्यांना शिकवतो. टिपणं घेताना नकाराची काट नेमक्या त्याच क्रियापदावर मारायची, बाजूला नाही, हे पहिल्या तासालाच घोटून घेतो. भाचा आपल्याच शाळेत आहे. तो सांगतो, व्याकरणाला आता नुसते पर्याय असतात, खूण केली की झालं. वाक्य फळ्यावर फोडायला कुणी उभं करत नाही. संस्थाचालकांनी महोत्सवाच्या निमित्ताने तेवढं तरी परत सुरू करावं.