दादाचा ब्लॉक

मार्चमध्ये कॅन्सरमुळे दादाच्या मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढला. वय ४४. गाठ आतड्याच्या स्नायूच्या थरापलीकडे गेली होती, पण तपासलेल्या २४ लसिकाग्रंथींपैकी एकीतही काही सापडलं नाही. म्हणजे दुसरी स्टेज. सर्जन म्हणाले, सहा महिने कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या घेऊन टाका, मनात शंका नको. वहिनीनं कॅलेंडरवर गोळ्यांच्या तारखांना गोल करूनही ठेवले.

कॅन्सरच्या डॉक्टरांकडे गेलो तर ते म्हणाले, "थांबा. आधी एमएमआर बघू. त्यात बिघाड असेल, तर या स्टेजला नुसत्या या गोळ्यांचा फायदा दिसलेला नाही. त्रास मात्र पुरेपूर होतो." आमच्या घरात दोन तट पडले. वहिनीला वाटलं, उशीर करताहेत. औषध साधारण आठ आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं असं तिनं ऐकलं होतं आणि तीन आठवडे तर टाके सुकण्यातच गेले होते.

एमएमआर म्हणजे पेशीतली चुका दुरुस्त करणारी व्यवस्था. तिच्या चार प्रथिनांची नावं मला आता पाठ झालीत: एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६. पहिल्या दोघांची एक जोडी, नंतरच्या दोघांची दुसरी. गाठीचे चार पातळ काप घेतात आणि प्रत्येकावर एकेका प्रथिनासाठीचा रंग टाकतात. प्रथिन शाबूत असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं.

आठवड्याभरानं रिपोर्ट आला आणि त्यात चारही प्रथिनं गायब! मी बँकेत काम करते, चारही खाती एकदम शून्यावर आली तर आधी मशीनवर शंका घेते. म्हणून पॅथॉलॉजीच्या मॅडमना भेटायला गेले. त्यांनी स्वतःच कपाळाला हात लावला आणि मला मायक्रोस्कोपमधून बघायला दिलं. गाठीच्या मधेमधे बारीक, गोल, काळसर निळे ठिपके होते. त्या म्हणाल्या, "ह्या लिंफोसाइट. ह्या निरोगी पेशी, ह्या तपकिरी व्हायलाच हव्यात. ह्याच रंगल्या नाहीत, म्हणजे रंगच चढलेला नाही. हा रिपोर्ट वाचण्यालायक नाही." आतड्याचा तुकडा न उघडता तसाच फॉर्मेलिनमध्ये पडून राहिला होता, आतपर्यंत द्रव पोचलाच नव्हता. रिपोर्ट देणाऱ्यानं हे बघायला हवं होतं. तेव्हा फार राग आला होता.

उपाय साधा निघाला. ऑपरेशनच्या आधी कोलोनोस्कोपीत घेतलेले बारीक तुकडे छोटे असल्यामुळे नीट मुरले होते. त्यांचा मेणाचा ब्लॉक दुसऱ्या लॅबमध्ये होता. रामबागेतून स्कूटरवर जाऊन मी तो आणला. काडेपेटीहून जरा लहान प्लास्टिकची चौकट, त्यात पांढरं मेण आणि मेणात डाळीएवढे चार करडे ठिपके. मॅडमनी बजावलं होतं, इंदूरचं ऊन आहे, बंद गाडीत ठेवू नका, मेण मऊ पडेल. मी तो डब्याच्या पिशवीत बर्फाच्या पाकिटासोबत ठेवून घरी नेला आणि मग कुरियरनं मुंबईला पाठवला.

या वेळी लिंफोसाइट झकास तपकिरी आल्या. एमएलएच१ आणि पीएमएस२ शाबूत. एमएसएच२ आणि एमएसएच६ गाठीत नाहीत. एमएसएच२ गेलं की एमएसएच६ही जातं, कारण ते एकटं टिकत नाही.

सोबत एमएसआयची तपासणीही केली होती. तिचा अर्थ मला आईच्या जपावरून कळला. रामरक्षा म्हणताना शब्द गळला तर लगेच खटकतं. पण माळ न घेता एकच नाम २६ वेळा म्हणा, पंचवीस झाले की सत्तावीस ते सांगता येत नाही. डीएनएमध्येही अशा जागा आहेत, एकच अक्षर ओळीनं वीस-पंचवीस वेळा. पेशी नक्कल करताना तिथे घसरतेच. एमएसएच२-एमएसएच६ची जोडी ती घसरण पकडते आणि दुसरी जोडी दुरुस्तीचं काम पुढे नेते. पकडणाराच नसेल तर या जागांची लांबी बदलत जाते. लॅब अशा पाच जागांची लांबी गाठीत मोजते आणि त्याच माणसाच्या निरोगी पेशींशी ताडून बघते. दोन किंवा जास्त बदलल्या तर एमएसआय-हाय. दादाच्या पाचही बदललेल्या होत्या.

डॉक्टरांनी गोळ्या रद्द केल्या. ग्रंथींत काही नाही आणि दुरुस्ती बिघडलेली, अशा गाठी दुसऱ्या स्टेजला एरवीपेक्षा कमी उलटतात. फक्त तपासण्यांवर लक्ष ठेवायचं. कॅलेंडरवरचे गोल वहिनीनं खोडले नाहीत, पानच फाडलं.

मग पुण्याच्या चुलतभावाचा फोन. टीएमबी का नाही केलं? जनुकांचं मोठं पॅनेल करा, पैशाचं मी बघतो. टीएमबी म्हणजे गाठीच्या डीएनएच्या दहा लाख अक्षरांमागे किती बदल, त्याचा हिशेब. डॉक्टर हसले. "एमएसआय-हाय गाठीत तो आकडा बहुतेक वेळा मोठाच येतो. चुका दुरुस्त होत नाहीत तर साचणारच. आज कळून निर्णय बदलणार आहे का?" कॅन्सर पसरलेला असता तर गोष्ट वेगळी. चुकांमुळे विचित्र प्रथिनं बनतात, प्रतिकारशक्तीला ती परकी वाटतात, पण गाठ तिचा ब्रेक दाबून धरते. पेम्ब्रोलिझुमॅबसारखं औषध तो ब्रेक सोडवतं. अमेरिकेच्या एफडीएनं २०१७ मध्ये ते एमएसआय-हाय गाठींसाठी मान्य केलं, गाठ कुठल्याही अवयवात असो. २०२० मध्ये टीएमबी १० किंवा जास्त असलेल्या, पसरलेल्या आणि आधीच्या उपचारांनंतरही वाढलेल्या गाठींसाठीही मान्यता दिली. पण एमएसआय नसताना नुसता मोठा टीएमबी तेवढा भरवशाचा नाही, आतड्याच्या कॅन्सरमध्ये तर नाहीच, असं डॉक्टरांचं म्हणणं. अपवाद पोल-ई जनुकाच्या बिघाडाचा. त्यात नक्कल करणाऱ्या यंत्राचीच तपासणी मोडते आणि आकडा प्रचंड चढतो. भावाला हे सगळं सांगितलं, त्याला फक्त "नको" ऐकू आलं.

खरी धास्ती पुढे होती. एमएलएच१ गेलं असतं, तर ते वयानुसार नुसतं बंद पडलंय का हे आधी बघितलं असतं. एमएसएच२ गेलं की संशय जन्मजात बिघाडावर, लिंच सिंड्रोमवर. "घरात अजून कोणाला?" डॉक्टरांनी विचारलं. आमच्या बाबांना ५१ व्या वर्षी आतड्याचा, आत्याला गर्भाशयाचा. आजवर आम्ही याला नशीब म्हणत होतो.

दादाच्या रक्ताच्या तपासणीत एमएसएच२ मधला तुकडाच गळालेला निघाला. डॉक्टरांनी मुद्दाम असे मोठे गळालेले तुकडे दाखवणारी तपासणी मागितली होती, नुसती अक्षरं वाचणारी तपासणी ते चुकवू शकते. आता माझी पाळी. मला तोच बदल असण्याची शक्यता निम्मी. दादाची मुलं १६ आणि १२ ची, त्यांचं सज्ञान झाल्यावर.

माझाही तोच निघाला. रिपोर्ट हातात घेऊन मी बँकेच्या जिन्यात बराच वेळ बसले होते. दोन आठवड्यांनी कोलोनोस्कोपी केली, उजव्या बाजूला आठ मिलिमीटरची एक गाठ निघाली, तिथेच काढली. कॅन्सर नाही, अजून. आता दर एक-दोन वर्षांनी हे करायचं आणि गर्भाशयाबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलायचं. त्या कोलोनोस्कोपीच्या आदल्या रात्री पोट साफ करायला चार लिटर खारट पाणी प्यायचं होतं. दादाचा फोन आला, "अगं, फ्रिजमध्ये थंड कर आणि मधूनमधून लिंबू चाट. मी अनुभवी आहे."